रात्री तीन वाजता ९१ आला कुठून?

*डॉक्टर, नमस्कार. माझं वय ४१, सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते. चालणं वाढावं म्हणून नवऱ्याने वाढदिवसाला स्मार्टवॉच दिलं. आता चालणं बंद झालंय आणि घड्याळ बघणं सुरू झालंय. दिवसातून साठ-सत्तर वेळा नाडी आणि ऑक्सिजन बघते. ऑफिसचे दोन जिने चढले की ११८ दाखवतं, म्हणून आता लिफ्टने जाते. झोपेत ५२ होतात. मागच्या आठवड्यात रात्री तीनला जाग आली, बघितलं तर ऑक्सिजन ९१. उठून बसले, पंधरा-वीस मोठे श्वास घेतले, हाताला मुंग्या आल्या. मग ९३, मग ९७. सकाळपर्यंत डोळा लागला नाही. ईसीजी, इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन दोनदा करून झालं, सगळं नॉर्मल. २०२१ च्या एप्रिलमध्ये बाबा कोविडने गेले. त्यांना ऑक्सिमीटर मीच लावायचे. तो अजून माझ्या पर्समध्ये असतो. नवरा म्हणतो, घड्याळ फेकून दे. मला वाटतं, महागातलं चांगलं घ्यावं, म्हणजे आकडा तरी खरा येईल. कोण बरोबर?*

नमस्कार ताई,

दोघंही नाही. का नाही, ते सांगण्याआधी त्या रात्रीच्या सात-आठ मिनिटांकडे जाऊ. ती नीट उलगडली की बाकीचं बरंचसं त्यातच सापडेल.

घड्याळ काढून त्याची पाठ बघा. तिथे बारीक दिवे आहेत. हिरवे दिवे नाडीसाठी असतात, लाल आणि डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे ऑक्सिजनसाठी. ऑक्सिजन भरलेलं रक्त लाल प्रकाश कमी शोषतं, ऑक्सिजन नसलेलं जास्त. इन्फ्रारेडच्या बाबतीत उलटं असतं. दोन्ही प्रकाश त्वचेत शिरतात, थोडे परत येतात, आणि परत आलेल्या प्रकाशात ठोक्यागणिक जो बारीकसा चढउतार असतो त्यावरून घड्याळ टक्केवारीचा अंदाज बांधतं. अंदाज हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. बोटाच्या चिमट्यात प्रकाश एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो आणि बोटाच्या टोकाला रक्त भरपूर असतं. मनगटाच्या वरच्या बाजूला हाड, स्नायूंच्या दोऱ्या आणि केस, रक्त त्या मानाने बेताचं, आणि प्रकाशाला आल्या वाटेनेच परतायचं असतं. म्हणजे मुळात क्षीण असलेला इशारा तिथे आणखी क्षीण होतो. दिवसभर घामाने काचतो म्हणून पट्टा एक भोक सैल केलेला असेल, तर बाहेरचा उजेडही आत शिरतो.

आता तुमची रात्र. झोपेतून जाग येते तेव्हा आपण बहुधा कुशीवर असतो. घड्याळाचा हात उशीखाली किंवा अंगाखाली दबलेला असतो. दबलेल्या मनगटात रक्ताची ये-जा मंदावते, ठोक्याचा चढउतार जवळजवळ सपाट होतो, आणि उरलेल्या खरखरीतून घड्याळ एक आकडा काढून देतं. ‘मला नीट दिसत नाहीये’ असं काही घड्याळं सांगतात, बरीचशी सांगत नाहीत. ९१ आला तो असा, याची मला जवळजवळ खात्री आहे.

पुढची गंमत म्हणजे तुम्ही घाबरल्यावर आकडा लगेच पूर्ण सुधारला नाही, नुसता ९३ वर आला. भीती वाटली की शरीरात अॅड्रेनालिन सुटतं आणि हातापायांच्या कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. हात गार पडतात. गार हातावर ही यंत्रं आणखी चाचपडतात. त्यातच तुम्ही पंधरा-वीस मोठे श्वास घेतले. त्या श्वासांनी रक्तात ऑक्सिजनची फारशी भर पडत नाही, कारण निरोगी फुप्फुसातून बाहेर पडणारं रक्त आधीच जवळपास भरलेलं असतं. भरल्या हंड्यात आणखी पाणी ओतल्यासारखं ते. उलट अशा श्वासांनी कार्बन डायऑक्साइड धडाधड बाहेर पडतो, आणि तो कमी झाला की ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि श्वास पुरत नाहीये असं वाटतं. म्हणजे ऑक्सिजन पुरेसा असताना तो कमी पडतोय ही जाणीव तुम्ही स्वतःच्या श्वासांनी तयार केलीत. काही मिनिटांनी तुम्ही उठून बसलेल्या होतात, हात मोकळा झाला होता, स्थिर होता. मग ९७. तुमच्या मनाने हिशेब मांडला की मोठे श्वास घेतले म्हणून वाचले. खरं तर हात मोकळा झाला म्हणून घड्याळाला दिसायला लागलं, इतकंच.

एक प्रश्न मात्र घरात विचारून घ्या. तुम्ही मोठ्याने घोरता का, घोरता घोरता श्वास थांबून मग दचकून घेतल्यासारखा येतो का, आणि दिवसा कामावर बसल्या बसल्या डुलक्या लागतात का? असं असेल तर झोपेत श्वास अडखळण्याचा आजार असू शकतो आणि त्याची वेगळी तपासणी असते. ती डॉक्टर करतील. ती घड्याळावर होत नाही.

आता महागडं घड्याळ. महाग घड्याळाचा दिवा आणि गणित चांगलं असू शकतं, पण मनगट तेच, उशी तीच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये ऑक्सिमीटरबद्दल एक सूचना काढली होती. तीत म्हटलं होतं की तपासून मंजूर केलेल्या बोटावरच्या यंत्रानेही ९० दाखवलं, तर खरा आकडा साधारण ८६ ते ९४ च्या मधे कुठेही असू शकतो. गार बोट, नेलपॉलिश, सावळी त्वचा, हालचाल यांनी फरक वाढतो. ही दवाखान्यातल्या यंत्रांची गोष्ट. बहुतेक घड्याळांच्या कागदपत्रांत तर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हा आकडा वैद्यकीय वापरासाठी नाही. तुम्ही मात्र ९६ चा ९५ झाला की काहीतरी घसरलं असं समजता. ही दहावीच्या मार्कांची सवय आहे. शंभरपैकी ९६ म्हटलं की चार कुठे गेले, हे आपल्याकडे पहिलं विचारतात. इथे ९५ पासून १०० पर्यंत सगळे एकाच बाकावर बसतात, आणि एक-दोनचा फरक यंत्राच्या चुकीतच बुडून जातो.

नाडीच्या बाबतीत घड्याळ जास्त भरवशाचं असतं, निदान तुम्ही शांत बसलेल्या असताना. पण तेही फसतं. चालताना काही घड्याळं पावलांचा ताल ठोका समजून मोजतात. कुतूहल म्हणून मी माझं घड्याळ एकदा केळ्याला बांधलं होतं. केळ्याची नाडी ७४ आली. अगदी निरोगी केळं होतं.

पण तुमचे ५२ आणि ११८ हे आकडे चूक नाहीत. ते बरोबरच आहेत, आणि दोन्ही चांगले आहेत. गाढ झोपेत ठोके पन्नाशीत येणं हे झोप लागल्याचं लक्षण. काहींचे चाळिशीतही जातात. जिने चढताना मांडीचे मोठे स्नायू जास्त रक्त मागतात, हृदय ते पुरवतं, ठोके वाढतात. ११८ ला न पोचणारं हृदय असतं तर मला जास्त काळजी वाटली असती. आडवं पडलेलं असताना ६८, बसल्यावर ७४, उभं राहिल्यावर ८८ असा प्रवास कुणाचाही होतो. जेवणानंतर वाढतात, चहानंतर वाढतात, फोनवर बोलताना वाढतात, पाणी कमी प्यायल्यास वाढतात, पाळीच्या आधीच्या दिवसांत थोडे वाढतात, तापात तर अंशाअंशाला वाढतात. आपण हे आयुष्यभर जगलोच होतो. आकड्यात बघितलं नव्हतं.

आणि बघितल्यानेही वाढतात. इथे आपण मुद्द्यावर येतो. १९८८ मध्ये अँके एलर्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पॅनिकचे झटके येणारे रुग्ण आणि निरोगी माणसं अशा दोन गटांना स्वतःचे ठोके आवाजातून ऐकवले. मधेच, न सांगता, आवाजाचा वेग खोटाच वाढवला. हृदय तिकडे आपल्या चालीने चाललं होतं. पण ज्या रुग्णांनी तो वाढलेला आवाज आपलाच मानला त्यांची भीती वाढली, आणि मग त्यांची खरी नाडी आणि रक्तदाबही वाढला. खोट्या आकड्याने खरा आकडा तयार केला. तुम्ही मनगट वळवता त्या क्षणी तुमच्या मनात ‘काय असेल?’ हा प्रश्न असतो, आणि शरीर त्या प्रश्नालाच उत्तर देतं. तुम्ही नाडी मोजत नाही आहात, घड्याळ बघणाऱ्या बाईची नाडी मोजता आहात.

आता थोडं गणित. समजा, घड्याळ पन्नास वेळा बरोबर दाखवतं आणि एकदा भलतंच. हा आकडा मी सोयीसाठी धरला आहे. दिवसातून एकदा बघणाऱ्या माणसाला दीड-दोन महिन्यांतून एकदा भलता आकडा दिसेल. तो मान उडवेल, हात झटकेल, पुन्हा बघेल. सत्तर वेळा बघणाऱ्याला तो रोज एक-दोनदा दिसणारच. तुमचं शरीर जराही न बिघडता, फक्त बघण्याच्या संख्येमुळे, रोज एक धोक्याची घंटा ठरलेली. आणि बाकीच्या अडुसष्ट वेळांचा दिलासा किती टिकतो? तुमच्यासारखे रुग्ण मला सांगतात, पाच-दहा मिनिटं. ९७ हा मघाचा झाला, आत्ताचा काय?

अमेरिकेत एका सत्तर वर्षांच्या बाईंची हकीकत २०२० मध्ये डॉक्टरांनी लिहून ठेवली आहे. त्यांना हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा खरा आजार होता, आणि घड्याळावर ईसीजी काढायची सोय होती. एका वर्षात त्यांनी ९१६ ईसीजी काढले. शंका आली की दवाखाना, असं बारा वेळा झालं. आजार वाढलेला नव्हता. घर, जोडीदार, रोजचं जगणं मात्र त्या आलेखाभोवती फिरायला लागलं होतं. शेवटी त्यांना बरं वाटायला लागलं ते मानसोपचाराने. घड्याळाने एक खरी गोष्ट सांगितल्यामुळे ते पुढे सगळं खरंच सांगेल, या विश्वासाने त्या अडकल्या होत्या. तुम्ही त्यापेक्षा सुटसुटीत जागी आहात, तुमच्या तपासण्या स्वच्छ आहेत.

नवऱ्याचा सल्ला मला का पटत नाही ते आता सांगते. घड्याळ फेकलं तर उद्या तुमची दोन बोटं मानेवर जातील. परवा पर्समधला ऑक्सिमीटर बाहेर येईल. मग श्वास रोखून किती आकडे मोजता येतात ते बघाल. २०२० साली अर्ध्या महाराष्ट्राने ते केलं होतं, आणि फुप्फुसाची ती काही परीक्षा नव्हती. सवय बघण्याची आहे, घड्याळ तिचं सध्याचं घर. म्हणून घड्याळ राहू दे, सवय सोडवू.

पहिले तीन दिवस काहीच बदलू नका. एक छोटी वही खिशात ठेवा, आणि प्रत्येक वेळी बघितलं की एक रेघ मारा. रेघेपुढे दोन-तीन शब्द, कशामुळे बघितलं: धडधड, जिना, उगाच, बातमी ऐकली, कुणीतरी गेल्याचा मेसेज. बहुतेकांच्या वहीत ‘उगाच’ सगळ्यांत जास्त निघतं. काहीही होत नसताना हात वळतो. हे स्वतःच्या अक्षरात बघितल्याशिवाय पटत नाही, म्हणून वही.

चौथ्या दिवसापासून रात्र मोकळी करा. घड्याळ स्वयंपाकघरात चार्जिंगला, मोबाइल त्याच्या शेजारी, उशाशी साधं गजराचं घड्याळ. ऑक्सिजनचं मापन सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण बंद करा. तपासण्या दोनदा नॉर्मल आल्यावर तुमच्या वयात ते आपोआप चालू ठेवायचं काहीच कारण नाही. डायलवर ठोके, ताण, झोपेचे गुण असली गर्दी असेल तर ती काढून नुसते तास-मिनिटाचे काटे ठेवा. वेळ बघायला गेलं की आकडा डोळ्यांत घुसतो, हे निम्म्या रेघांचं मूळ असतं.

मग खरं काम. बघावंसं वाटलं की आधी वहीत लिहायचं: आत्ता किती असतील असं वाटतं, आणि भीती दहापैकी किती. मग भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं जाऊ द्यायची. हातातलं काम सोडायचं नाही, पतसंस्थेत असाल तर पुढची पावती घ्या. दहा मिनिटांनीही बघावंसं वाटलं तर बघा, चोरी नाही. पुढच्या आठवड्यात वीस मिनिटं, मग तीस. पहिले चार-पाच दिवस बेचैनी वाढेल. ती वाढते म्हणजे उपाय चुकतोय असं नाही, हात रिकामा राहिल्याची ती कुरकुर आहे. तुमच्या हे लक्षात येईल की भीती सहा-सातवर चढते, काही वेळ तिथे टेकते आणि आकडा न बघताही खाली येते. आजवर तुम्ही तिला खाली येऊच दिलं नव्हतं, दर वेळी मधेच घड्याळ दाखवलं. म्हणून ती घड्याळामुळेच उतरते असा तुमचा समज झाला. लिहिलेला अंदाज आणि दिसलेला आकडाही ताडून बघा. धडधड होताना आपण बहुधा खूप जास्तीचा अंदाज लिहितो. १४० वाटले होते, निघाले ८८.

चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत दिवसाला एकच मोजणी उरावी, तीही ठरलेल्या वेळी. सकाळी पाच मिनिटं खुर्चीत बसून, चहाच्या आधी. धडधड झाली म्हणून जादा नाही, आणि छान वाटतंय म्हणूनही जादा नाही. पुढे तीही सुटेल.

लिफ्ट मात्र याच आठवड्यात सोडा. घड्याळ टेबलाच्या खणात ठेवून दोन जिने चढा, न थांबता, तुमच्या चालीने. वर पोचल्यावर छाती धडधडेल, दोन वाक्यं बोलायला दम लागेल. तसंच उभं राहा, मानेला हात लावू नका, मोठे श्वास ओढू नका, येतोय तसा येऊ द्या. काही मिनिटांत ते निवतं. हे रोज करायचं, कारण इथे आणखी एक खाच आहे. चालणं सोडलं, जिने सोडले की महिन्या-दोन महिन्यांत शरीराची ताकद उतरते आणि त्याच जिन्याला आधीपेक्षा जास्त ठोके लागायला लागतात. आकड्याला घाबरून लिफ्ट धरली, लिफ्टने आकडा वाढवला. चालणं सुटलं नसतं, तर तुमचे ११८ कदाचित ११० असते.

यजमानांना हे पत्र वाचायला द्या. त्यांचं एक काम आहे. तुम्ही ‘बघा हो, मला ठीक वाटतंय ना? हात गार लागतोय का?’ असं विचारता तेव्हा ते ‘काही नाही गं, ठीक आहेस’ म्हणत असणार. प्रेमाने म्हणतात, पण तेही घड्याळासारखंच, दहा मिनिटं पुरणारं. त्याऐवजी त्यांनी एवढंच म्हणावं, ‘याचं उत्तर मी देणार नाही असं आपलं ठरलंय. चल, गच्चीवर जाऊ.’ रागावून नाही आणि थट्टेनेही नाही. आणि ‘फेकून दे’ हे तर नाहीच.

डॉक्टरांकडे कधी जायचं? श्रम करताना छातीत दाब किंवा कळ येऊन ती हाताकडे, जबड्याकडे जाते. डोळ्यांपुढे अंधारी येऊन शुद्ध जाते. आडवं पडल्यावर श्वास लागतो, ओठ निळसर दिसतात. बसून असताना, ताप किंवा भीती नसताना, ठोके अचानक १२० च्या वर जाऊन तिथेच बराच वेळ राहतात, किंवा नाडी ताल सोडून वेडीवाकडी चालते. अशा वेळी घड्याळ काय म्हणतं ते बघत बसायचं नाही, निघायचं. विशेषतः हे ध्यानात ठेवा की ही घड्याळं हार्ट अटॅक ओळखत नाहीत. छातीत खरंच दुखत असताना ‘७६ आहे, म्हणजे काही नाही’ म्हणून घरी बसलेली माणसं मी बघितली आहेत. मला साठ-सत्तर वेळा बघण्याइतकीच त्या भरवशाचीही धास्ती वाटते. पुन्हा पुन्हा ईसीजी, इको करू नका. तो मोठा पडदा असलेलं घड्याळ बघण्याचाच प्रकार आहे. नवीन लक्षण आलं तर तुमचे नेहमीचे डॉक्टर ठरवतील.

इतर वाचकांसाठी इथे एक ओळ. ज्यांना हृदयाच्या तालाचा किंवा फुप्फुसाचा निदान झालेला आजार आहे आणि डॉक्टरांनीच मोजून लिहून ठेवायला सांगितलं आहे, त्यांनी यातलं काही परस्पर करू नये. त्यांनी किती वेळा मोजायचं, कोणत्या आकड्याला फोन करायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावं.

सहा आठवडे प्रामाणिकपणे करूनही रेघा कमी झाल्या नाहीत, झोप येत नसेल, किंवा रात्रीसारखे झटके पुन्हा येऊ लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि वही बरोबर न्या. या त्रासावर बोलण्याचे, पायरीपायरीने करायचे उपचार आहेत, लागली तर औषधंही आहेत, आणि त्यांची सवय लागते ही समजूत बहुतेक औषधांना लागू नाही. सांगलीत कुणाकडे जावं हे कळत नसेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि पर्समधला तो ऑक्सिमीटर. एप्रिल २०२१ मध्ये आकडा बघणं हे काम होतं. ९४ च्या खाली गेलं की बेड शोधायचा, हे आपल्या सगळ्यांना पाठ झालं होतं. सहा मिनिटं चालवून पुन्हा बोट मीटरमध्ये, असं गल्लीगल्लीत चाललं होतं. तुम्ही बाबांचं बोट धरून तासातासाला बघितलंत ते बरोबरच केलंत. त्या आकड्यावर खरोखर निर्णय अवलंबून होते. तुमचा हात अजून ती ड्यूटी करतो आहे, फक्त आता बोट दुसऱ्याचं आहे. आणि तो ९१ तुम्हाला इतका का लागला, हे मला वाटतं तुम्हालाही ठाऊक आहे. त्यावर एकदा घरात बोला, भावंडं असतील तर त्यांच्याशी बोला. बाबांच्या शेवटच्या दिवसांबद्दल कुणीच कुणाशी बोललेलं नाही, अशी घरं मी बरीच बघितली आहेत.

मीटर फेकू नका. बाबांचा चष्मा, त्यांचं पाकीट जिथे असेल तिथे, त्यांच्या वस्तूंत ठेवा. त्याआधी मागचं झाकण सरकवून आतले दोन बारीक सेल काढा. टीव्हीच्या रिमोटला बहुधा तेच लागतात.